आर्किटेक्टच्या करारात सही करण्याआधी काय बदलून घ्यावं?

प्रश्न: तळमजला आणि पहिला मजला असं घर बांधायचं आहे. आर्किटेक्टने दीड पानाचं पत्र पाठवलंय. त्यात एकूण शुल्क, '५० टक्के आगाऊ, उरलेले कामाच्या प्रगतीनुसार', 'साइट व्हिजिट गरजेनुसार' आणि 'सर्व ड्रॉइंग्ज आमची मालमत्ता राहतील' एवढंच आहे. सही करू का? ड्रॉइंगचे पैसे मी देणार, मग ती माझी का नाहीत?

उत्तर:

आहे तशी सही करू नका. पण आर्किटेक्ट तुम्हाला फसवतोय असंही समजू नका. असं पत्र बहुतेक वेळा घाईत आणि जुन्या पत्रावरून तयार झालेलं असतं. ते दोघांनाही अडचणीत आणतं, कारण पैसे नेमके कशाबद्दल दिले हे त्यातून कधीच ठरत नाही. शुल्काचा आकडा तोच ठेवा. टप्पे, मंजुरी आणि व्हिजिट लिहून घ्या. ड्रॉइंगच्या मालकीचं वाक्य राहिलं तरी चालेल, पण त्याच्या जोडीला तुमचा वापराचा हक्क आलाच पाहिजे.

आधी टप्पे. 'कामाच्या प्रगतीनुसार' या शब्दांत कोणाचं काम, हेच लिहिलेलं नाही. आर्किटेक्टच्या मनात ड्रॉइंगची प्रगती असते, तुमच्या मनात भिंतींची. म्हणून प्रत्येक हप्ता हातात पडणाऱ्या एखाद्या वस्तूशी किंवा साइटवर दिसणाऱ्या एखाद्या अवस्थेशी बांधायचा. तुमच्यासारख्या घरासाठी एकूण शुल्क १०० धरून, त्या त्या टप्प्याअखेर एकूण किती दिलेलं असावं याची एक रास्त मांडणी अशी होते. संकल्पना, म्हणजे प्लॉटची मोजणी, गरजांची यादी आणि मजल्यांच्या मांडणीचे दोन पर्याय, इथपर्यंत १५. त्यात सहीच्या वेळचे १० आगाऊ धरलेले आहेत. प्राथमिक आराखडा, म्हणजे पक्के प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, थ्रीडी चित्रं आणि ढोबळ खर्च, इथे ३०. स्थानिक प्राधिकरणाकडे नकाशे दाखल केल्यावर ३७ आणि परवानगी हातात आल्यावर ४०. सगळी कामाची ड्रॉइंग्ज मिळाली की ७०. पुढचे २५ प्रत्यक्ष बांधकामाच्या अवस्थांना वाटून द्यायचे: जोतं, दोन स्लॅब, प्लॅस्टर, फिनिशिंग. शेवटचे ५ भोगवटा प्रमाणपत्रासाठीची आर्किटेक्टची कागदपत्रं आणि प्रत्यक्ष बांधलं तसे नकाशे मिळाल्यावर.

हे आकडे दोघांनी बोलून पुढेमागे करता येतील. मात्र बांधकाम सुरू होईपर्यंत ७०-७५ च्या पुढे जाऊ नका. साइटवरचं लक्ष हे आर्किटेक्टचं खरं वेळखाऊ काम आहे. त्यासाठी पैसेच उरले नसतील, तर दुसऱ्या स्लॅबपर्यंत फोन उचलणं कमी होतं. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: डिझाइनचं मुख्य डोकं पहिल्या दोन टप्प्यांत खर्च होतं, म्हणून तिथे १५-२० टक्क्यांत काम करून मागणं अन्यायाचं आहे.

कामाच्या ड्रॉइंगची यादी परिशिष्ट म्हणून करारालाच जोडून घ्या. सेंटर लाइन, मजल्यांचे प्लॅन, जिना, टॉयलेटचे तपशील, पाणी आणि ड्रेनेज, इलेक्ट्रिकल, टाइल्सची मांडणी, दारं-खिडक्यांचं शेड्यूल अशी ती वाढत जाते. दुमजली घराला साधारण २०-२५ शीट होतात. यादी असली की 'सगळी ड्रॉइंग्ज दिली' या वाक्याला अर्थ येतो. स्ट्रक्चरल इंजिनिअर, प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकलचे सल्लागार यांचं शुल्क आत की बाहेर, हेही त्याच परिशिष्टात लिहा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं शुल्क बहुतेक वेळा बाहेर असतं आणि मालकाला ते पहिलं बिल आल्यावरच कळतं.

आता मंजुरी. या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि करारात त्या वेगवेगळ्या लिहाव्या लागतात.

पहिली प्राधिकरणाची. ती कधी मिळेल हे आर्किटेक्टच्या हातात नसतं. म्हणूनच वर ७ टक्के दाखल करण्याला आणि फक्त ३ टक्के परवानगी मिळण्याला ठेवले आहेत. सगळे पैसे परवानगीवर अडकवले तर तुमच्या जमिनीच्या कागदातल्या त्रुटीची शिक्षा त्याला होते. सगळे दाखल करतानाच दिले तर हरकती आल्यावर पाठपुरावा थंडावतो. त्रुटी नकाशातली असेल, म्हणजे सामासिक अंतर कमी दाखवलंय किंवा क्षेत्रफळाचं गणित चुकलंय, तर दुरुस्ती विनामूल्य. मालकी हक्काच्या कागदांमुळे अडलं असेल किंवा नियमच मध्ये बदलला असेल, तर जादा कामाचं शुल्क. सरकारी शुल्कं तुम्ही थेट पावतीवर भरायची, आर्किटेक्टच्या खात्यातून नाहीत.

दुसरी मंजुरी तुमची, आणि सगळे वाद इथे जन्मतात. प्लॅन व्हॉट्सॲपवर येतो, घरातलं कोणीतरी उत्तरात अंगठ्याचं चिन्ह पाठवतं, कोणीतरी 'छान' म्हणतं आणि पुढचं काम सुरू होतं. तीन आठवड्यांनी दुसरं कोणीतरी म्हणतं, देवघर तिथे नको. आर्किटेक्टच्या मते हा बदल आहे, तुमच्या मते तुम्ही कधी मंजूर केलंच नव्हतं. म्हणून करारात लिहा की मंजुरी देणारी व्यक्ती एकच, नावानिशी. मंजुरी ई-मेलने किंवा ड्रॉइंगवर सही करून. त्यात ड्रॉइंगचा क्रमांक, आवृत्ती आणि तारीख असली पाहिजे, उदाहरणार्थ 'ए-०३, आर-२ मंजूर'. उत्तर कामाच्या सात दिवसांत. उत्तर तीनच प्रकारचं असू शकतं: मंजूर, नोंदवलेल्या दुरुस्त्यांसह मंजूर, किंवा नामंजूर.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर काय? काही करारांत 'मंजूर समजले जाईल' असं असतं. ते मान्य करू नका. गप्प राहणं म्हणजे होकार असं धरून घराची भिंत उभी राहू नये. त्याऐवजी 'उत्तर येईपर्यंत आर्किटेक्टची मुदत थांबेल' असं लिहा. त्यामुळे उशिराचा दोष त्याच्यावर जात नाही आणि न पाहिलेला प्लॅन तुमच्या गळ्यात पडत नाही.

मंजुरीची व्याख्या झाली की बदलांचा प्रश्न आपोआप सुटतो. मंजुरीच्या आधीचा फेरफार ही दुरुस्ती, आणि प्रत्येक टप्प्यात अशा दोन फेऱ्या शुल्कात धरलेल्या असाव्यात. मंजुरीनंतरचा फेरफार हा बदल, आणि त्याचे पैसे वेगळे. चूक आर्किटेक्टची असेल तर ती केव्हाही विनामूल्य सुधारायची, मंजुरी दिलेली असली तरीही. तुम्ही प्लॅनला होकार दिला म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांची उंची तपासली असं होत नाही.

बदलाचे पैसे किती, हे आधीच सूत्रात बसवा. समजा, कामाची ड्रॉइंग्ज २४ आहेत आणि त्या टप्प्याला ३० टक्के आहेत. म्हणजे एका शीटला सव्वा टक्का. सगळी ड्रॉइंग्ज मंजूर झाल्यावर तुम्हाला वाटलं की पहिल्या मजल्यावरचं टॉयलेट खोलीच्या दुसऱ्या बाजूला हवं. बोलायला हे एक वाक्य आहे. पण त्यामुळे मजल्याचा प्लॅन, टॉयलेटची दोन तपशीलवार शीट, पाणी-ड्रेनेज, इलेक्ट्रिकल आणि खिडकी सरकल्यामुळे एलिव्हेशन अशी सहा शीट बदलतात. सहा गुणिले सव्वा म्हणजे साडेसात टक्के. शीट नव्याने नाही तर दुरुस्त करायची आहे, म्हणून दर निम्मा ठरलेला असेल तर पावणेचार. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं शीट याच्या बाहेर, कारण टॉयलेटखालचा खोलगट स्लॅब, ज्याला साइटवर संक म्हणतात, तोही जागा बदलतो. स्लॅब आधीच पडला असेल तर संक हलवता येत नाही. मग नव्या जागी टॉयलेटची पातळी खोलीपेक्षा वर चढवायची, नाहीतर पाइप खालच्या खोलीच्या छताला लटकवायचे, एवढेच मार्ग उरतात. म्हणून बदलाच्या प्रत्येक पत्रात शुल्क, वेळ आणि साइटवरचा परिणाम हे तिन्ही लिहून यावं, तुम्ही त्याला होकार द्यावा आणि मगच आर्किटेक्टने पेन्सिल उचलावी.

आणखी एक छोटी गोष्ट आहे, पण तिच्यामुळे तोडफोड वाचते. ड्रॉइंगवर 'मंजुरीसाठी' किंवा 'बांधकामासाठी' असा शिक्का असलाच पाहिजे. साइटवर या दुसऱ्या प्रकाराला जीएफसी ड्रॉइंग म्हणतात. ठेकेदाराने फक्त त्यावरूनच काम करायचं. मोबाइलवरच्या थ्रीडी चित्रावरून खिडकीची उंची ठरवणारे मिस्त्री कमी नाहीत, आणि ती चूक कोणाची यावर नंतर तिघेही भांडतात.

साइट व्हिजिटकडे वळू. 'गरजेनुसार' म्हणजे कोणाच्या गरजेनुसार? तुम्हाला वाटतं आर्किटेक्ट आठवड्यातून दोनदा येईल, त्याने मनात महिन्यातून एकदा धरलेलं असतं. आणि त्याहून मोठा गैरसमज म्हणजे व्हिजिटलाच देखरेख समजणं. आर्किटेक्टची व्हिजिट ही ठरावीक काळाने होणारी तपासणी आहे: काम ड्रॉइंगप्रमाणे चाललंय का, एवढंच तो पाहतो. सिमेंटचं प्रमाण, पाणी मारणं, रोजची मापं हे साइट इंजिनिअर किंवा सुपरवायझरचं काम आहे. रोजची देखरेख हवी असेल तर ती वेगळी नेमणूक असते आणि तिचा पगारही वेगळा. हा फरक करारात एका वाक्यात लिहून घ्या.

व्हिजिटची संख्या लिहिण्यापेक्षा कोणत्या क्षणी यायचं, ते लिहिणं जास्त उपयोगाचं आहे. जे काम पुढच्या दिवशी झाकलं जातं, ते झाकण्याआधी पाहिलं पाहिजे. लाइन आउट, म्हणजे जमिनीवर घराची आखणी झाल्यावर, खोदाईआधी. खड्डे तयार झाल्यावर, पीसीसी म्हणजे तळाचं साधं काँक्रीट टाकण्याआधी. जोत्याची पातळी ठरताना. प्रत्येक स्लॅबचं शटरिंग आणि सळई झाल्यावर, काँक्रीटच्या आधी, आणि या वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअर सोबत हवाच. लिंटेलच्या पातळीला. भिंतीतले इलेक्ट्रिकल आणि पाण्याचे पाइप टाकून झाल्यावर, प्लॅस्टरच्या आधी. टॉयलेटचं वॉटरप्रूफिंग करून पाणी साठवून ठेवल्यावर, टाइल्स बसवण्याआधी. टाइल्सची पहिली ओळ लावताना. रंगाच्या आणि फिटिंगच्या नमुन्यांसाठी. शेवटी त्रुटींची यादी करायला आणि ती दुरुस्त झाल्यावर पुन्हा एकदा. दोन मजल्यांच्या घरात हे १४ ते १६ क्षण होतात. त्यावर चार-पाच व्हिजिट तुमच्या बोलावण्यासाठी ठेवा आणि त्यापुढच्या प्रत्येकीचा दर लिहा.

या क्षणांची सूचना ठेकेदाराने ४८ तास आधी द्यायची, ही अट आर्किटेक्टच्या करारात आणि ठेकेदाराच्या करारात, दोन्हीकडे हवी. फक्त एकीकडे लिहिली तर ती चालत नाही. ठेकेदार संध्याकाळी फोन करून 'उद्या सकाळी स्लॅब' म्हणतो, आर्किटेक्ट परगावी असतो, आणि दोघांकडेही सबब तयार असते.

प्रत्येक व्हिजिटनंतर दोन दिवसांत एक पानी टिपण मिळालं पाहिजे: तारीख, काय पाहिलं, काय चुकीचं आढळलं, दुरुस्ती कोणी कधीपर्यंत करायची, आणि चार फोटो. टिपण नसेल तर व्हिजिट धरायची नाही, इतकं स्पष्ट लिहा. या कागदाने आर्किटेक्टचंही रक्षण होतं. ठेकेदाराच्या कारागिरीची हमी तो देऊ शकत नाही, पण त्याने चूक दाखवून दिली होती हे सिद्ध करता येतं. आणि डोळ्यांसमोरची चूक त्याने लिहिलीच नसेल, तर तेही दिसतं.

मुदतही लिहा. शुल्क १५ महिन्यांचं बांधकाम धरून असेल, तर दोन महिन्यांची सवलत द्या आणि त्यापुढे दरमहा ठरावीक रक्कम किंवा दर व्हिजिटचे पैसे ठरवा. उशीर आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमुळे झाला असेल तर हे पैसे लागू नाहीत. ठेकेदाराच्या चुकीमुळे जादा व्हिजिट लागल्या, तर त्यांचे पैसे तुम्ही आर्किटेक्टला द्यायचे आणि ठेकेदाराच्या बिलातून कापायचे. म्हणजे ती तरतूदही ठेकेदाराच्या करारात हवी.

आता तुमचा मुख्य प्रश्न: पैसे तुमचे, मग ड्रॉइंग तुमची का नाहीत?

भारतात प्रताधिकार कायदा १९५७ प्रमाणे नकाशे आणि ड्रॉइंग ही कलाकृती धरली जाते आणि तिचा पहिला मालक ती करणारा असतो. पगारी नोकराने केलेलं काम मालकाचं होतं, तसंच पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा पोर्ट्रेट काढवून घेणाऱ्याचं होतं. पण पैसे देऊन करवून घेतलेल्या वास्तुरचनेच्या ड्रॉइंगला ती सवलत कायद्याने दिलेली नाही. स्वतंत्र व्यवसाय करणारा आर्किटेक्ट तुमचा नोकर नाही, त्यामुळे करार गप्प असेल तर प्रताधिकार त्याच्याकडेच राहतो. तो तुमच्याकडे यायचा असेल तर लेखी आणि सहीनिशी हस्तांतर लागतं. त्या लेखात काळ लिहिला नसेल तर कायदा तो पाच वर्षांचाच धरतो. 'सर्व हक्क मालकाचे' असं मोघम लिहून घेऊन निर्धास्त झालेल्यांना हे माहीत नसतं.

पण एका घराच्या मालकाला प्रताधिकार खरं तर लागतच नाही. ते डिझाइन दहा जणांना विकायचं नाहीये. तुम्हाला हवं ते एवढंच: हे घर या जागेवर बांधता यावं, पुढे दुरुस्ती आणि वाढ करता यावी, आणि आर्किटेक्ट मध्येच सुटला तर दुसऱ्याला त्याच ड्रॉइंगवरून काम पुढे नेता यावं. याला वापराचा परवाना म्हणतात. प्रताधिकार मागितलात तर आर्किटेक्ट रास्तपणे जादा शुल्क मागेल. परवाना मागितलात तर समंजस आर्किटेक्ट नाही म्हणत नाही. म्हणून त्यांच्या वाक्यापुढे हे जोडा:

'ड्रॉइंगचा प्रताधिकार आर्किटेक्टकडे राहील. देय झालेले शुल्क दिल्यानंतर त्या टप्प्यापर्यंतच्या सर्व ड्रॉइंग्जचा वापर याच जागेवरील याच घराचे बांधकाम, दुरुस्ती, बदल व वाढ यांसाठी करण्याचा कायमचा, रद्द न होणारा हक्क मालकास राहील. हा हक्क करार संपल्यावर, दुसरा आर्किटेक्ट नेमल्यावर आणि घर विकल्यास नव्या मालकाकडेही चालू राहील. दुसऱ्या जागी ही रचना पुन्हा वापरता येणार नाही.'

'बदल' हा शब्द गाळू नका. ज्याने कृती केली त्याला तिची विकृती होऊ नये असा, प्रताधिकारापासून वेगळा नैतिक हक्कही कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे असतो. इमारत पाडण्यावर तो चालत नाही. दिल्लीतलं हॉल ऑफ नेशन्स २०१७ मध्ये पाडलं गेलं, त्यावर वास्तुविशारद राज रेवाल यांनी केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळला. पण बाल्कनी बंद करण्याच्या वादासाठी कोणालाच कोर्टाची पायरी चढायची नसते, त्यामुळे बदलाचा हक्क शब्दांत असलेला बरा.

परवाना कागदावर असून फाइल हातात नसेल तर उपयोग नाही. प्रत्येक टप्प्याला पीडीएफ मिळावी. डीडब्ल्यूजी, म्हणजे बदल करता येणारी फाइल, काही आर्किटेक्ट देत नाहीत, कारण कोणी त्यात माप बदललं आणि शीटवर नाव त्यांचंच राहिलं तर जबाबदारी अंगावर येते. ही भीती खरी आहे. उपाय असा की डीडब्ल्यूजी काम संपल्यावर किंवा करार मोडल्यावर द्यायची, नाव-शिक्क्याची चौकट काढून, आणि त्यानंतर केलेल्या बदलांची जबाबदारी आर्किटेक्टवर नाही असं लिहून.

करार मोडण्याचं कलम याच ठिकाणी घाला: कोणत्याही बाजूने १५ दिवसांची लेखी नोटीस, पूर्ण टप्प्यांचे पूर्ण पैसे, अपुऱ्या टप्प्याचे दिलेल्या शीटच्या प्रमाणात. समजा परवानगी मिळाली आहे आणि २४ पैकी १० शीट आली असताना दोघांचं पटेनासं झालं. परवानगीपर्यंत ४०, पुढच्या ३० पैकी चोवीस भागांतले दहा म्हणजे साडेबारा, एकूण साडेबावन्न टक्के. तुम्ही ५० दिले असतील तर अडीच टक्के द्या आणि फाइल घ्या. तुमच्याकडे आलेल्या पत्रावर हाच हिशेब करून पाहिला तर उत्तरच निघत नाही, आणि मग ड्रॉइंग अडकवून ठेवली जातात.

पैसे मिळाल्यापासून सात दिवसांत फाइल आणि ना-हरकत पत्र द्यायचं, हेही त्याच कलमात लिहा. अनेक ठिकाणी परवानगीच्या फाइलवरचा आर्किटेक्ट बदलताना आधीच्याचं ना-हरकत पत्र मागतात. ते नसेल तर नव्या आर्किटेक्टच्या हातात ड्रॉइंग असूनही जोत्याच्या तपासणीचा अर्ज पुढे सरकत नाही.

घरातलं इंटिरिअरही याच माणसाकडे द्यायचं असेल, तर त्याचं वेगळं शुल्क आणि वेगळे टप्पे करा. फर्निचरची मापं प्लॅस्टर आणि फ्लोअरिंग झाल्यावर जागेवर पुन्हा घ्यावी लागतात. आधीच्या प्लॅनवरून कापलेलं कपाट भिंतीत बसत नाही, म्हणून ही मोजणी टप्प्यातच लिहा. डिझाइन करणारा आणि काम करून देणारा एकच असेल, तर त्याचं काम तपासणारं कोणी उरत नाही, हे लक्षात ठेवूनच तो मार्ग निवडा. आणि दुकानदाराकडून मिळणारी सूट मालकाची, हे वाक्य दोन्ही करारांत घाला.

सहीआधी आर्किटेक्टचा वास्तुविशारद परिषदेचा नोंदणी क्रमांक करारात लिहून घ्या आणि नोंदणी चालू आहे का ते पाहा. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येत नाही. इंटिरिअर डिझायनरसाठी अशी कायदेशीर नोंदणी नाही, त्यामुळे तिथे सगळा भार करारातल्या शब्दांवरच पडतो.